रिपोर्टात न लिहिलेली ओळ

सांगली,
१६ ऑक्टोबर १९४९

प्रिय अंबूमावशी,

हे पत्र तुझी भाची मनू तुला वाचून दाखवेल. मनू, सावकाश वाच, आणि मावशी मध्येच "ऱ्हाऊ दे आता" म्हणाली तरी थांबू नकोस. ती तसं म्हणणार, हे मला ठाऊक आहे.

मी खुशाल आहे. इथल्या नर्सिंगच्या शाळेत मी आता सिस्टर ट्यूटर आहे, म्हणजे वॉर्डात कमी आणि वर्गात जास्त. यंदा चौदा मुली आल्या. त्यांतली धोंडुबाई तुमच्याच वडूजकडची, मेंढरांमागं वाढलेली, पण सातवी पास. तिचा बाप बिराप्पा तिला पोचवायला आला आणि दारातच बसून राहिला. "बाई, पोरीला परक्या गड्यांचं अंग पुसाया लागतं म्हनं?" मी हो म्हणाले. त्यानं विचारलं, "तुमी पुसलंया?" म्हटलं, अठरा वर्षं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी तर चांगल्या दिसताय," म्हणाला आणि अर्जावर अंगठा उठवून गेला. मुली अजून त्यावरून मला चिडवतात.

पहिल्या वर्षाला आमच्या धंद्याचा इतिहास शिकवावा लागतो. पुस्तकातला इतिहास परदेशातल्या एका लढाईपासून आणि हातात दिवा घेतलेल्या एका बाईपासून सुरू होतो. तो खरा आहे, मी तो शिकवतेही. पण मुलींच्या डोळ्यांत काही हलत नाही. म्हणून यंदा आपल्या भागातला धडा लिहायला बसले, आणि पहिल्याच पानावर तू आलीस.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तुझा नवरा गेला आणि बाराव्या दिवशी तू साताऱ्याच्या शाळेत मांडलेल्या खाटांपाशी जाऊन उभी राहिलीस. तुला कुणी शिक्षण विचारलं नाही, पगार ठरवला नाही. "ज्याला पानी पाजाया कुनी न्हाई त्याला पाजायचं, येवढंच मला ठावं," असं तू मला सांगितलं होतंस. तेव्हा नर्सिंग म्हणजे तेवढंच होतं. मिशनच्या बायका देवासाठी करायच्या, तुझ्यासारख्या विधवा पुण्यासाठी, आणि उरलेली माणसं त्यांना हात जोडून पंगतीत मात्र दूर बसवायची. पुढं धर्मार्थ दवाखान्यात तू नऊ वर्षं राबलीस, दोन वेळच्या जेवणावर आणि वर्षाला दोन लुगड्यांवर.

एकतीस साली मी तिथं आले, सव्वीस वर्षांची, पांढऱ्या कपाळाची. चादर अशी ओढावी की खाली एक चुणी राहू नये, चुणीतूनच पाठीला फोड येतो, हे तू शिकवलंस. पाणी किती कोमट ते बोटानं नाही, कोपरानं पाहायचं. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. आज मी हेच कारणांसकट शिकवते. कारणं पुस्तकातली आहेत, हात तुझे आहेत. डॉक्टरांनी तुला दिलेला कागद आठवतो? 'ही बाई सुशील व कामसू आहे.' तुला काय येतं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

आता आकारामचं लिहिते. मनू, इथं आवाज बदलू नकोस.

पाटणचा आकाराम, मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा, तिसरा आठवडा. त्या तापात आतड्याला आतून जखमा होतात. ताप उतरायला लागला की रोग्याला भूक लागते, आणि तेव्हाच ते आतडं कागदासारखं पातळ झालेलं असतं. म्हणून दूध, ताकाची निवळी, मोसंब्याचा रस, बाकी काही नाही. हे डॉक्टरांना माहीत होतं. तुला कुणी समजावलं नव्हतं, नुसतं बजावलं होतं. तो पोरगा पहाटेपासून रडत होता. "आवं मावशी, येक घास द्या वो." तू अर्धी भाकरी दुधात कुस्करून भरवलीस. दोन तासांनी त्याच्या पोटात कळ उठली. नाडी शहाण्णववरून एकशे तीस झाली, पोट फळीसारखं ताठ. वॉर्डात लिहिता येणारी मी एकटी. मी रिपोर्टाच्या वहीत लिहिलं: आठ वाजता अर्धी भाकरी, अंबूबाईंनी दिली; दहा वाजता कळ; नाडी, ताप, श्वास. डॉक्टरांनी ते वाचलं आणि साधी पोटदुखी समजून वाट पाहिली नाही. दुपारच्या आत त्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडलं, आतड्याचं भोक शिवलं. तो वाचला. आतडं भाकरीनंच फुटलं असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही, ते त्या तापात आपसूकही फुटतं. पण वेळ लिहिलेली होती म्हणून तो वाचला, हे नक्की.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तुला "उद्यापासून येऊ नका" म्हणाले. एका वाक्यात नऊ वर्षं.

पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा झाला. मी मुंबईला जाऊन तीन वर्षं रीतसर शिकले. परीक्षा घ्यायला बाहेरची माणसं, आपल्याच दवाखान्याचा डॉक्टर नव्हे. मग त्या कायद्यानं नेमलेल्या कौन्सिलच्या नोंदणीपटावर माझं नाव आलं, नंबरासकट. सुशील आणि कामसू नाही, तर अमुक शिकलेली, अमुक परीक्षा दिलेली. तो कागद हातात घेतला तेव्हा मला वाटलं, मी कुणाची उपकारकर्ती नाही आणि कुणाची आश्रितही नाही. आता तर साऱ्या देशाचा कायदा आला आहे. सगळ्या प्रांतांत शिक्षण एका मापाचं व्हावं, इथं शिकलेली मुलगी दुसऱ्या प्रांतातही नर्सच मानली जावी, म्हणून. धोंडुबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी आमी कुटंबी गेलो तरी आमीच?" मला लय बरं वाटलं, मावशी.

लोक समजतात, पट म्हणजे नुसतं बंधन. चूक केली तर कौन्सिल नाव काढून टाकू शकतं, हे खरं. पण ज्याचं नाव पटावर आहे त्याला बोलावून, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय ते खोडता येत नाही. तुझं नाव कुठंच नव्हतं. म्हणून तुला कुणी विचारलंही नाही.

खरं तर एक प्रश्न विचारला होता, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. डॉक्टरांनी विचारलं, "भरवताना आणखी कोण होतं?" तू म्हणालीस, "कुनी न्हाई. मी येकटीच व्हते." मी दाराशी वही छातीशी धरून उभी होते. दूध मीच तापवून आणलं होतं. भाकरी कुस्करताना मी पाहिलं आणि थांबवलं नाही, कारण तू देत होतीस म्हणजे बरोबरच असणार, असं मला वाटलं. ती ओळ मी रिपोर्टात लिहिली नाही. दहा वर्षं मी मुलींना शिकवते आहे की जे केलं ते लिहायचं आणि जे पाहिलं तेही लिहायचं. आता धड्यात ती ओळ लिहिली आहे, माझ्या नावानं. तुझंही नाव लिहावं असं फार मनात आहे, अठरा सालच्या खाटा, पाठीवरचे हात आणि ती अर्धी भाकरी, सगळ्यासकट. नुसती पुण्यवान बाई म्हणून नको. उद्याच्या नाही, त्यापुढच्या सोमवारी वर्ग आहे. मनूकडून एक कार्ड टाक. तू नको म्हणालीस तर तुझं नाव घालणार नाही. माझं मात्र राहील.

तुझ्या हाताखाली शिकलेली, तुझीच
रंगू