आक्कांच्या वर्षाचं अकरावं कॅप्शन

आई, तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज तुला सांगायचंय ते जिममधलं आहे. तू असतीस तर "मला काय कळतंय गं त्यातलं" म्हणून भाकऱ्या थापत राहिली असतीस. तरी ऐक. खासबागेत माझी दोन खोल्यांची जिम आहे, फक्त बायकांची. तिच्या पेजवर उद्यापासून रोज एक असे बारा फोटो टाकायचेत, प्रत्येकाखाली चार ओळींचं कॅप्शन. सगळे एकाच बाईचे. सदलग्याच्या जैन घरातली सून, इथं बँकेत नोकरी, पन्नाशीची. मी त्यांना आक्का म्हणते. वर्षभरात आक्कांचं अकरा किलो वजन उतरलं. सगळी कॅप्शनं झाली, अकरावं तेवढं होईना. चार दिवस लिहितेय आणि खोडतेय, डोकं पार भंजाळलंय.

वजन लिहिणं सोपं वाटतं, पण तसं नाही. आक्का दर सोमवारी सकाळी, काही न खाता, त्याच काट्यावर उभ्या राहतात. मी एका दिवसाच्या आकड्यावर जात नाही, चार सोमवारांची सरासरी धरते, कारण एखादं लग्नाचं जेवण झालं की काटा किलोभर वर सरकतो. पहिल्या महिन्यात तीन किलो गेले, त्यातलं बरंचसं पाणी, आणि मी तसंच लिहिलंय. दुसऱ्या महिन्याचं कॅप्शन डब्याचं आहे. दिवस मावळल्यावर त्या जेवत नाहीत, आणि बँकेतून सुटेपर्यंत अंधार. मग उपाशी झोपायच्या आणि सकाळी सपाटून खायच्या. आम्ही साडेपाचचा डबा लावला, बँकेतच टेबलावर: मुगाचं घट्ट वरण, दोडक्याची भाजी, एक भाकरी. सातव्या महिन्यात काटा हललाच नाही, म्हणून मी तो महिना गुपचूप गाळला होता. आक्कांनी बरोबर धरलं. "सातवा कुठं हाय गं? लोकांस्नी वाटंल, मी घसरगुंडीवरनं आलतो!" मग लिहिलं की वजन तेवढंच, पण कंबर दोन इंचांनी कमी, आणि दोन्ही हातांत पाच-पाच किलो घेऊन बैठका.

अकराव्या महिन्यात त्या सदलग्याला गेल्या तर सासूबाईंनी दारातच हात धरला. "लई वाळलीस गं. काय दुखणं लपवालीस?" आपल्याकडं बारीक झालेल्या माणसाला असंच विचारतात. शेजारणीही आल्या. आक्का मला म्हणाल्या, "हेच लिही. रिपोर्ट काढल्यात, बरी हाय, खाऊन-पिऊन उतरलोय म्हणावं." आणि लगेच, "पर तू पहिल्याच दिवशी मला डॉक्टरकडं का धाडलीस? रक्त तपासल्याबिगर काट्यावर चढूबी दिली न्हाईस. लई राग आलता मला."

मी म्हटलं, नियम आहे. कुणाचा नियम? माझाच, तू गेल्यानंतर केलेला.

निपाणीतलं आपलं स्वयंपाकघर. मी नुकतीच ट्रेनरचा कोर्स करून आलेय, 'भात कमी कर' म्हणून रोज तुझ्या मागं लागलेय. तू ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी पिना लावतेयस, तरी तो खांद्यावरून घसरतोय. मी टाळ्या वाजवते. "आई, भारी दिसतेस!" तू लाजतेस. जन्मभर भावकीनं जाडी म्हणून चिडवलं तुला, आणि आता लेक कौतुक करतेय. "व्हय? बारीक दिसतोय न्हवं मी?" पुढं चार महिन्यांनी डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, वजन मुद्दाम कमी केलंत का? तू माझ्याकडं बघून मोठ्या ठसक्यात म्हणालीस, "व्हय, लेक ट्रेनर हाय माझी." आजही मला कळत नाही, तुला खरंच तसं वाटत होतं की तू मला सांभाळून घेत होतीस.

म्हणून गोंधळ होतो गं. आक्कांचा आनंद खरा आहे, त्यांनी घाम गाळलाय. पण "सैल झालेला ब्लाऊज" असं लिहायला गेलं की माझा हात थांबतो. शेवटी आज लिहिलं: "सासूबाईंनी विचारलं ते बरोबरच होतं. आक्का पोटभर जेवून, व्यायाम करून उतरल्या, रिपोर्ट चांगले आहेत. तुमचं वजन काही न करता उतरत असेल, तर कुणी कौतुक करायच्या आधी तपासून घ्या." आक्कांना वाचून दाखवलं. "झ्याक हाय," म्हणाल्या, "पर तुला ह्ये कुणी शिकवलं?" मी पाणी प्यायला उठले.

हे पत्र कुठं धाडू? पेजवर खाली खाली गेलं की सगळ्यात पहिला फोटो तुझा आहे, पिना लावलेल्या ब्लाऊजातला. खाली मी लिहिलंय, 'माझं पहिलं यश.' तो मी अजून काढलेला नाही. आणि आई, तुझं ताट रोज अर्धं परत जात होतं, ते मी बघत होते. मला वाटलं, तू माझं ऐकतेयस.