दुसरा कागद

३ तारीख, सोमवार

एक नळ बदलायला या घरमालकाने मला चार वर्षं फिरवलं, आणि आता पत्र लिहितो, "तुम्ही भाडेकरू नव्हता, घरचीच माणसं होता." घरच्या माणसांकडून कोणी दर पाच तारखेला भाडं घेतं? मुलाने वाचून दाखवलं. "एकोणीस वर्षांत कधी आवाज नाही, तक्रार नाही" — म्हणजे माझा आवाज त्याला ऐकूच गेला नाही! गोड बोलणारा आधी खिसा चाचपतो. रविवारी घर सोडतोय, तर अनामत साठ हजार परत देणार म्हणे.

"कापणार किती?" मी विचारलं.

"काही नाही गं आई." घडी घातली, खिशात टाकली.

कागद दोन होते. वाचला एकच.

४ तारीख

कापणारच. मोरीतली फरशी फुटलीय, भिंतीत खिळे. सुनेला म्हटलं, भोकं बुजव. "राहू द्या ना आई आता." तोंड सुकलेलं. घर सोडायचं दुःख असेल. मला नाही बाई.

६ तारीख, गुरुवार

मालक स्वतः आला. खोली खोली फिरला, मी मागोमाग. मीटरचा आकडा त्याने लिहिला, मीही लिहिला. मोरीत फुटक्या फरशीवर पाय ठेवून उभी राहिले.

"आजी, पाय काढा, दिसली मला," हसला मेला. "एवढ्या वर्षांत झिजणारच. फरशीचे नाही, रंगाचे नाही. फक्त शेवटचं वीजबिल कापेन."

"पैसे कधी?"

"रविवारी तिन्ही किल्ल्या द्या, पावतीवर सही करा, सात दिवसांत खात्यात. दुसऱ्या कागदावर लिहिलंय की सगळं."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. तिथे बघण्यासारखं काय आहे? समोरच्यांचं गटार!

म्हणजे मी चोर उगाच बाहेर शोधत होते.

७ तारीख

शर्ट धुवायला पडला होता. खिसा मीच पाहिला. चष्मा जुना झालाय, पण बोट ठेवून दुसऱ्याचं अक्षर लागतं.

वीजबिल, किल्ल्या, पावती — मालक म्हणाला तसंच. खरं बोलला माणूस! मग पुढे —

"तुम्ही दोघा नवरा-बायकोंनी सांगितल्याप्रमाणे उरलेल्या रकमेचे दोन सारखे भाग करून दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत भरीन. टपाल दोन्ही नव्या पत्त्यांवर पाठवीन. आजी कुठल्या घरी असतील तेवढं कळवा, भेटायला येईन."

दोन पत्ते. मला तर एकच घर दाखवलं होतं.

तीनदा वाचलं. बोट तिथेच अडकलं.

८ तारीख, शनिवार

कागद जेवणाच्या ताटांमध्ये ठेवला. सून रडायला लागली, "आई, मी सांगते —"

नको, म्हटलं. तू जेव. मालकाने सरळ विचारलंय, आजी कुठे. त्याचं उत्तर माझ्या पोटच्याने द्यायचं, आणि मालकाला नाही, आधी मला.