गोष्टीतल्या रिकाम्या ओळी

बाई, परवा जंगलाकाठच्या एका शाळेत गोष्ट सांगायला गेले होते. तिथून आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नवी गोष्ट बांधायला बसले की मी अजून तुमच्यासारखाच कागद दुमडते. डावीकडे माझं बोलणं, उजवीकडे पोरांचं. पोरांनी म्हणायचं ते लाल पेन्सिलीनं, दोन-तीन शब्दांचंच, एका श्वासात मावेल असं. गोष्टीच्या प्रत्येक वळणावर चार ओळी रिकाम्या, आणि त्यांच्याखाली चौकटीत परतीचं वाक्य, पोरांना पुन्हा गोष्टीवर आणणारं.

त्या रिकाम्या ओळींवरून तुम्ही मला एकदा बोलला होतात. मूल गावच्या शाळेत मी तुमच्या हाताखाली नवीन होते. खिडकीतून राइस मिलचा कोंडा उडत यायचा आणि आपण आधी पुस्तकं झटकायचो. माझ्या गोष्टीत एक पोरगं मध्येच म्हणालं, "आमची बकरी व्याली." मी त्याला गप्प केलं. तास संपल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याले गोष्टीतली बकरी दिसली म्हणून घरची आठवली पोरी. तू दार लावून घेतलं." मग माझ्या कागदावरचा अर्धा मजकूर खोडलात. "इथी काही लिहू नोको. हे जागा त्याहिची."

परवाच्या शाळेत गुरुजींनी दारातच सांगितलं, "पोरं तोंड उघडत नाईत मॅडम. आज पाहू, नाई तं हा लायब्ररीचा तास गणिताले देऊन टाकू." म्हणजे तो तास राहणार की जाणार, ते माझ्या गोष्टीवर होतं. मी मोहफुलं वेचायला गेलेल्या म्हातारीची गोष्ट नेली होती. तिला वाघ भेटतो, ती त्याला फसवते आणि घरी येते. तुमच्या पद्धतीनं सुरुवातीलाच सराव घेतला. शेवटचा शब्द उंच न्यायचा, तळहात पोरांकडे उघडायचा, मग थांबायचं. "म्हातारी काय वेचते?" "मोहफुलं!" खोली दणाणली. गुरुजी दारातच उभे राहिले. मला वाटलं, जमलं.

"मागून कोण आलं?" मी तळहात उघडते. उजवीकडे लाल अक्षरात 'वाघ आला' आहे. कुणी बोलत नाही. पुन्हा विचारते. पोरं चटईकडे बघतात. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसतं. तुम्ही म्हणायचात, शांतता झाली तर ती भरू नये, तिच्यात बसावं. मी खाली चटईवर बसते.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, त्याचं नाव नाई घेत."

"काऊन गं?"

"घेतलं का येते."

"मंग काय म्हणता?"

"जनावर," दोघं-तिघं म्हणाले. मागचा एक म्हणाला, "आमचा बुढा तं 'मोठा' म्हणते. आन् तेबी हळू." त्यावर दुसरा, "तुह्या बुढ्याले तं मांजराचाबी भेव वाटते," आणि सगळे हसले. रिकाम्या ओळी भरून वाहत होत्या.

इतकी वर्षं या भागात राहून मी ते नाव लाल अक्षरात लिहिलं होतं. तिथंच खोडलं. पोरांनीच नवं ठरवलं: मी विचारायचं, त्यांनी कुजबुजायचं. "मागून कोण आलं?" "जनावर आलं." सगळ्या वर्गाची ती कुजबुज ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. पुढच्या वळणावर पुन्हा विचारून पाहते, तर दारातल्या गुरुजींचेही ओठ हलत होते.

शेवट जवळ आला तेव्हा त्याच मुलीनं विचारलं, "म्हातारी घरी येते का?" मघाशी हसणारी पोरं तिच्याकडे वळली. एकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या घरचं कुणीतरी रानातून परतलं नसावं; मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज उरली नाही. माझ्या कागदावर म्हातारी नाचत घरी येत होती, टोपली डोक्यावर घेऊन. मी चौकटीतल्या वाक्याकडे बोट नेलं आणि काढून घेतलं. तिलाच विचारलं, "तुला काय वाटते?"

"येते," ती म्हणाली. "पण टोपली तिथीच राह्यते."

मी तिचं वाक्य तसंच, तिच्याच आवाजाच्या पट्टीत, पुन्हा म्हटलं. सगळ्यांनी ते माझ्यामागून म्हटलं. गोष्ट तिथं संपली. निघताना गुरुजी सायकलपर्यंत आले, जरा वेळ घंटीशी चाळा करत राहिले. "गणित सकाळी घेऊ," म्हणाले. "तुमी शुक्रवारी या."

बाई, हे सगळं तुमचंच आहे: तो दुमडलेला कागद, तो थांबा, ती मोकळी जागा. पण हे पत्र धाडायला पत्ता असता तरी संकोचानं मी ते धाडलं नसतं. कारण त्या मुलीनं विचारलं तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, 'बाईंनी काय केलं असतं' हे माझ्या मनात आलंच नाही.