उजवीकडची भिंत

प्रिय ताई,

सगळं कधी बदललं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू नेहमीसारखी शेवटचं पान आधी उघडशील. मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, डबी तिच्या हातात. मी खांबाला टेकून, ती भिंतीला. मधे ताणलेली पोलादी पट्टी. मी विचारलं आणि ती म्हणाली, "नाही. विचार करून सांगते असंही नाही. नुसतं नाही." आणि त्याच आवाजात टेपवरचा आकडा वाचला, वहीत लिहिला. तो आकडा काही मला ऐकू आला नाही.

तुला माहितीच आहे, एरवी मी काय केलं असतं. हातातलं टाकून चालता झालो असतो. कॉलेजातनं गेलो तसा. पण ते टोक सोडलं असतं, तर पट्टी सुसाट मागे जाऊन तिच्या बोटांवर बसली असती. म्हणून धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "सोड आता, हळू." मी पट्टीबरोबर चार पावलं चालत गेलो आणि टोक तिच्या डबीत नेऊन ठेवलं. ताई, कान इतके तापले होते की त्यांच्यावर चहा उकळला असता. पण हात नीट वागले. त्याचं मलाच नवल वाटलं.

फोनवर हे सांगता येणार नव्हतं. फोनवर मी ओरडतो, तू रडतेस आणि मग भावोजी फोन घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारतात. म्हणून लिहितोय. आणि जरा सविस्तर लिहितो, कारण मी इथे काय करतो ते तू बाबांना आजवर सांगू शकली नाहीस, आणि खरं तर तुलाही ते नीट माहीत नाही. "फोटो काढतो" एवढंच तुला ठाऊक. फोटो काका काढतात, ज्यांच्या हाताखाली मी काम करतो ते. मी दिवे उचलतो.

हे प्रार्थनागृह, जिथे बसून लिहितोय, जुनं आहे. आत शिरलं की दोन्ही हातांना खांबांच्या रांगा, एकेका रांगेत सात, आणि खांबाखांबावर कमान. कमानीतून पुढची कमान, तिच्यातून तिच्या पुढची, अशा लहान लहान होत जातात. खांबांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना अरुंद बोळासारखी जागा आणि मग भिंत. दुरुस्तीसाठी आज सकाळपासून आत परांची बांधणार, ती वर्षभर तरी निघायची नाही. त्याआधी रिकाम्या जागेचा एक फोटो हवा होता. बाकं काल दुपारी बाहेर काढली. म्हणजे कालची संध्याकाळ, तेवढीच. काकांनी मला त्या कामावर नेतानाच बजावलं होतं, "या खेपेला पाय आपटत निघून गेलास, तर परत यायचे कष्ट घेऊ नकोस." याआधी दोनदा गेलो होतो ना. एकदा तर फक्त त्यांनी माझ्या केसांवरनं काहीतरी म्हटलं म्हणून.

आणि नकाशावाली, म्हणजे जिच्याबद्दल दोन वर्षं तुला लिहितोय ती, दुरुस्तीच्या ऑफिसातून मापं घ्यायला आली होती. तिला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, दोन वर्षांचं पुण्य एकदम फळाला आलं.

अशा जागेचा फोटो काढणं सोपं वाटतं. मधोमध उभं राहायचं आणि बटण दाबायचं. पण मधोमध म्हणजे कुठे? मी दोन भिंतींमधलं अंतर निम्मं करायला निघालो होतो. काकांनी थांबवलं. मध्य खांबांचा घ्यायचा, भिंतींचा नाही, कारण फोटोत डोळा खांब मोजतो. समोरासमोरच्या खांबांमधे मध्य काढला, आधी दाराजवळ, मग पार पुढे, आणि दोन खुणांना जोडणारी दोरी जमिनीवर ताणली. कॅमेरा त्या दोरीवर. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं: डावीकडे पहिल्या आणि दुसऱ्या खांबांत जेवढी फट दिसते तेवढीच उजवीकडे दिसली पाहिजे. बोटभर सरकला कॅमेरा, तरी एक फट रुंदावते, दुसरी मिटते. आणि वरच्या कमानी मावत नाहीत म्हणून कॅमेरा वर तोंड करून चालत नाही, खांब आत झुकल्यासारखे दिसतात. कॅमेरा सपाट ठेवून नुसतं पुढचं भिंग वर सरकवायचं. ते करताना काका श्वास घेत नाहीत. मीही घेत नाही.

दिवे मात्र माझं खातं. प्रत्येक खांबाच्या मागे एक छोटा दिवा, जमिनीवर, खांबाला चिकटून, तोंड भिंतीकडे. कॅमेऱ्यातून दिवा दिसता कामा नये, वायर दिसता कामा नये. दिव्यावर बटर पेपर. उजेड भिंतीवर जातो, तिथून मऊ होऊन कमानीच्या पोटाशी परत येतो. बघणाऱ्याला दगडच आतून उजळल्यासारखा वाटतो. दाराजवळच्या पहिल्या जोडीचा उजेड काकांनी उजेड मोजायचं मीटर लावून सारखा केला आणि म्हणाले, बाकीचे सगळे असेच ठेव. मी ठेवले. सगळे सारख्या अंतरावर, सारख्या कागदाचे, सारख्या तेजाचे. मधेच कॅमेऱ्याकडून काकांचा आवाज आला, "तू दिवा ठेवतोयस का खांबाला मागणी घालतोयस? लवकर आटप." तेव्हा ती पलीकडे हसली होती. त्या हसण्यावरच मी धीर केला, बघ. शेवटच्या खांबाशी माप घेताना विचारलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

त्यानंतर ती सामान आवरून बाहेर गेली आणि मी खांबामागे जाऊन उगाच वायर सरळ करत बसलो. उंच खिडक्यांतून मावळतीचं ऊन उजव्या भिंतीवर येत होतं. उजवी बाजू जास्त उजळ दिसत होती, तो उन्हाचाच प्रताप असं काका आणि मी धरून चाललो. ऊन गेलं की बाहेरचं आभाळ थोडा वेळ एकसारखं निळं राहतं, खिडक्या आणि दिवे एकमेकांना सांभाळून घेतात, तेवढ्यात फोटो काढायचा. त्याआधी खिडक्या डोळे दिपवतात, नंतर काळ्या होतात.

ऊन गेलं. उजवी बाजू तरीही उजळ. आणि पुढे पुढे जास्तच. दाराजवळची जोडी सारखी, तिसरी जराशी वेगळी, शेवटची तर डावीकडे चांदणं आणि उजवीकडे दुकानातला दिवा. काका म्हणाले, उजवीकडचे कमी कर. केले. भिंतीवरचा उजेडाचा डाग मीटरवर सारखा झाला, पण कमानीचं पोट अंधारलं. डागच लहान होता ना, कडा धारदार. मग काका माझ्यावर घसरले. कागद फाटलेत का, दिवे हलवलेस का, डोकं कुठे होतं तुझं. डोकं कुठे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, ताई, तेच नेहमीचं, तुमचं काम तुम्हीच करा. पण कागद धड होते, दिवे जागेवर होते. म्हणजे भिंतच जवळ असणार. उजवी भिंत खांबांना समांतर नाही, पुढे जाताना आत येते. डोळ्याला तो फरक कळत नाही, पण उजेडाला कळतो. दिवा भिंतीच्या जितका जवळ, तितका डाग लहान आणि झगझगीत. आणि भिंत किती आत येते, हे प्रत्येक खांबाशी टेप धरून मीच मोजलं होतं. मोजलं म्हणजे काय, टोक धरलं होतं. आकडे तिच्याकडे होते, आणि शेवटचा तर मी ऐकलाच नव्हता.

काका म्हणाले, "मग विचार तिला. का तिनं तुला चावलं?"

पायऱ्यांवर ती बुटाची नाडी बांधत होती. मला येताना पाहून तिचा चेहरा आवळला. तिला वाटलं, हा आता परत सुरू करणार. ते मला दिसलं आणि फार वाईट वाटलं. मी लांबच उभा राहिलो. म्हटलं, "उजवीकडची मापं सांगतेस? शेवटचं मला ऐकू आलं नाही." ती म्हणाली, "दोन अकरा. पहिल्या खांबाशी दोन मीटर साठ आहे." आणि उठली, वही काढली, आत आली.

मग काय सांगू. ती मधे उभी राहून एकेका खांबाचं अंतर ओरडून सांगत होती, मी उजव्या रांगेमागून धावत होतो. दिवे खांबापासून हलवायचे नाहीत, नाहीतर कॅमेऱ्यात डोकावतात. म्हणून अंतर जसं कमी होत जाईल, तसं दिव्याचं तोंड थोडं थोडं वर उचललं, म्हणजे उजेड भिंतीवर पसरत छताकडे जाईल, आणि पुढच्या दिव्यांवर आणखी एक कागद, मग तेज बेताचं कमी. काका कॅमेऱ्यापाशी नुसते "वर, वर, बस" म्हणत होते. शेवटच्या खांबाशी ती म्हणाली, "दोन अकरा, बहिरोबा." मी म्हटलं, "ऐकलं." दोघंही हसलो. ताई, ते हसणं साधं होतं. त्याच्यातून मला काहीच काढायचं नव्हतं. दोन वर्षं मी तिच्या प्रत्येक हसण्याचा अर्थ लावत होतो. चहा अर्धा ठेवला तर का ठेवला, हे रात्ररात्र. काल पहिल्यांदा ती हसली आणि मी पुढच्या दिव्याकडे गेलो.

फोटो झाला. काकांनी पडदा माझ्याकडे वळवला. चौदा खांब, सगळ्या कमानी एकसारख्या मऊ, उजवं कुठलं आणि डावं कुठलं ते सांगता येणार नाही. काका म्हणाले, "सोमवारपासून लवकर ये, पगाराचं बोलू." रात्री मी दोन ताटं जेवलो आणि आडवा झालो तो थेट सकाळी उठलो. मला वाटलं होतं, नाही म्हणाली तर मी मरेन. मला तर भूक लागली.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मागच्या पत्रात मी तुला गळ घातली होती की रविवारी ये, तिच्या घरच्यांना भेट आणि माझी बाजू मांड. तू बाबांना काहीतरी थाप मारून गाडीचं तिकीटही काढलंस, आणि तिच्या आईसाठी शाल घेतलीस. ते काही करायचं नाही. तिच्या दारात जायचं नाही. तिनं उत्तर दिलंय आणि ते मला पुरतं कळलंय. तिकीट मात्र रद्द करू नकोस. शाल तूच पांघर आणि मला भेटायला ये, बाबांना घेऊन ये. मी कॉलेजात नाही, हे मी त्यांना स्वतः सांगेन, फोटोसमोर उभा राहून. तू दीड वर्ष ते ओझं वागवलंस, आता खाली ठेव. ओरडले, तर ओरडू देत. मी निघून जाणार नाही.

परांचीवाले बांबू घेऊन पायऱ्यांशी आलेत, मला गुंडाळलेल्या वायरी घेऊन आणि किल्ली त्यांना देऊन बाहेर पडायला सांगताहेत. दोरी मघाशीच गुंडाळली. पत्र टपालात टाकायला जाता जाता, ते बांबू उतरवेपर्यंत, हे मोठं दार ओढून घेतो. जड आहे, दोन्ही हात लावावे लागतात.

तुझाच,
भडकू