बिट्टीला चिडवण्याविषयी

प्रिय भोंगा,

तुझे सांत्वनाचे पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. तुझ्या पत्रात एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. ज्या मुलाला मी 'स्थिती' आणि 'परिस्थिती' हे शब्द वर्षभर गिरवायला लावले, त्याने 'श्रद्धांजली' हा शब्द बिनचूक लिहावा, यावरूनच मला कळले की तू ते पत्र किती सावकाश, किती जपून लिहिले असशील. सगळ्या भेटायला आलेल्या लोकांसमोर मी कोरडा राहिलो होतो. त्या एका शब्दापाशी मात्र मला चष्मा काढून ठेवावा लागला.

तुझा मित्र, माझा मुलगा, गेल्यानंतर मुलांचा फुटबॉलचा संघ मोडेल, असे मला वाटले होते. तुम्ही दोघांनी मिळून उभा केलेला, तू बदली होऊन गेल्यावर त्याने एकट्याने सांभाळलेला. पण कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक पुढे झाले. त्यांचा मुलगा संघात आहे. माणूस सज्जन, शिट्टी मात्र भीतभीत वाजवतो. मी संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसू लागलो. घरात बसून काय करणार? त्याची खुर्ची समोर दिसते.

मला खेळातले फारसे कळत नाही, हे तू जाणतोसच. परंतु माझा मुलगा मैदानावर मुलांना जे बोलत असे, ते मी भाषेचा शिक्षक या नात्याने फार बारकाईने ऐकले आहे. प्रथम मला तो निव्वळ वाह्यातपणा वाटे. सराव सुरू होण्यापूर्वी तो सगळ्यांना गोल उभे करी आणि म्हणे, "चला, दादाची फजिती!" मग मुलांनी त्याच्या चुका काढायच्या. "दादा, काल तुम्ही स्वतःच्याच शिट्टीला दचकलात." "दादा, तुमचं पोट तुमच्या आधी मैदानात येतं." तो छातीवर हात ठेवून प्रत्येक घाव झेली. त्यानंतर पाळी येई ती संघातल्या सर्वांत जोरकस खेळाडूची. त्या मुलाला सगळे तोफ म्हणतात. चेंडू पायात आला की तो कुणाला देत नाही. "तोफ, मैदानात तुझ्याशिवाय आपले आणखी सहा जण आहेत अशी अफवा आहे. खरं-खोटं बघून सांगशील?" यावर तोफ म्हणे, "बघितलं दादा, सगळे तुमच्यासारखे पळतात, म्हणून दिसत नाहीत." आणि हशा पिकला की सराव सुरू.

मी एकदा घरी त्याला टोकले. मुलांना अशी उलट उत्तरे द्यायला शिकवणे कोणत्या शिस्तीत बसते, असे विचारले. तेव्हा त्याने जे सांगितले, ते मला व्याकरणाच्या पुस्तकाइतके चोख वाटले. तो म्हणाला, "बाबा, ज्याला उलट बोलता येत नाही, त्याला चिडवायचंच नाही. म्हणून आधी त्यांना माझ्यावर हात साफ करू देतो." चिडवणे वरून सुरू व्हावे, म्हणजे शिक्षकापासून, मग बलवानापासून. चिडवायचे ते क्रियापदाला, विशेषणाला नव्हे. 'तू चेंडू सोडलास' यात गंमत करता येते, कारण उद्या तो चेंडू अडवता येतो. 'तू ढिला आहेस' याचे मूल काय करणार? ते घरी घेऊन जाते. आणि चूक जर कच्च्या खेळाडूची असेल, तर वाक्याचा कर्ता बदलायचा. "आज आपण बॉलला वाट दाखवतोय, पुढे गोलपर्यंत सोडायलाही जातोय." 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे का ठेवले, हे मी आयुष्यभर फळ्यावर समजावून सांगितले. मैदानावर ते वापरलेले मी प्रथमच पाहिले.

तुला तो कासवाचा प्रसंग आठवतो का? तू एका मुलाला हसतहसत 'कासव' म्हणालास आणि आठवडाभर सगळा संघ तेच म्हणू लागला. पुढच्या सरावाला त्या मुलाचे पोट दुखले. माझ्या मुलाने तुला मुलांसमोर काही म्हटले नाही, मुलांनाही दटावले नाही. कुणी 'कासव' म्हटले की तोच "ओ!" देत असे आणि पाय ओढत चालू लागे. दोन-तीन दिवसांत त्या शब्दातली धार गेली आणि मुलांनी तो टाकून दिला. त्या मुलाला मात्र त्याने बाजूला घेऊन वळताना पाय कुठे टाकायचा ते शिकवले, तेही अगदी गंभीरपणे, कारण शिकवताना हसायचे नाही हाही त्याचाच नियम होता. आणि हसताना तो नेहमी एका बाजूने पाही. ज्याच्यावर विनोद झाला, त्याचे हसू इतरांच्या मागाहून आले तर तो विनोद तेथेच संपला, पुन्हा कधी नाही.

आता बिट्टीकडे येतो. तू गेलास तेव्हा ती आईच्या कडेवर होती. आता ती बचावफळीत खेळते. माझी नात असली तरी खोटे बोलवत नाही, ती संघातली सर्वांत कच्ची खेळाडू आहे. चेंडू जोरात आला की डोळे मिटते. ते मिटलेले डोळे तिच्या बापाने कधी थट्टेत आणले नाहीत. पण तिला वगळलेही नाही. "ज्याला कुणीच चिडवत नाही, त्याला कळतं बाबा, की आपली गणती यांच्यात नाही," असे तो म्हणे. म्हणून त्याने तिच्याजवळची दुसरीच गोष्ट शोधली होती. बिट्टी बुटाची नाडी बांधते, सोडते, पुन्हा बांधते, मग दुसऱ्या बुटाची बरोबर तशीच बसली आहे का ते पाहते. तिला त्या नाड्यांचा भारी अभिमान. "पंच, थांबा! बिट्टीबाई नाडी बांधतायत, जगाचं काय व्हायचं ते नंतर होऊ दे!" आणि ही मान वर न करता म्हणे, "तुमची सुटलीय बघा." तो खाली पाही. दरवेळी पाही.

तो गेल्यावर ती पहिल्यांदा सरावाला आली, तेव्हा सगळ्या आईबापांनी आपापल्या मुलांना घरी बजावून पाठवले होते. तिला काही बोलायचे नाही. चांगल्या मनानेच बजावले होते. मुलांचे रिंगण झाले. औषधवाल्यांची फजिती झाली, तोफेची झाली, गोलरक्षकाची झाली. बिट्टीपाशी पाळी थांबली आणि सगळे गवताकडे पाहू लागले. ती खाली बसली. नाडी बांधली, सोडली, बांधली. मग मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. पुन्हा सोडली. भोंगा, ती वाट पाहत होती. बाकी सगळी मुले उभी होती आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. नंतर खेळात तिच्या बाजूने दोन गोल झाले आणि औषधवाले म्हणाले, "छान हं बिट्टी, खूप छान." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

वाटेत तिने मला विचारले, "आजोबा, मी आता एवढी वाईट खेळते का, की कुणी हसतसुद्धा नाही?"

मी फक्त तिची पिशवी माझ्या हातात घेतली. मी सत्तर वर्षे शब्दांत घालवली आहेत. दुसऱ्या दिवसापासून ती जायची बंद झाली. बूट दाराआड गेले. सूनबाईने समजावले, मी समजावले. मी औषधवाल्यांकडे गेलो आणि त्यांना सारे सांगितले. ते काउंटरवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "काका, पटतंय हो. पण ते पोर समोर आलं की माझं तोंडच उघडत नाही. बाप गेलेल्या पोरीला काय चिडवू मी?" त्यांचे काय चुकले? माझ्यापाशी तरी कोठे तोंड होते? मी जन्मात कुणाची थट्टा केलेली नाही. त्या खात्यात माझा मुलगा कुणावर गेला, हे मला कधीच कळले नाही.

तरीही तिला एकदा, फक्त माझ्यासाठी, म्हणून घेऊन गेलो. ती मैदानाच्या कडेला नाडी बांधायला बसली आणि सगळीकडे पुन्हा तीच शांतता पसरली. मी बाकावरून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "पादत्राणबंधनाचा समारंभ संपन्न झाला असल्यास क्रीडेस आरंभ करावा काय?" कुणी हसले नाही. औषधवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. मग तोफ म्हणाला, "आजोबा, मराठीत बोला ना!" एकजण फिस्सकन हसला, मग दुसरा. आणि बिट्टीने मान वर न करता, माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात म्हटले, "निमंत्रण नसलेल्यांनी समारंभात बोलू नये." सगळे मैदान खदखदले. तीही हसली आणि हसता हसताच तिचे तोंड वेडेवाकडे झाले, बाप गेल्यापासून प्रथमच ती सर्वांसमोर रडली. तोफ तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "रडून झालं की डावीकडे राहा, मी बॉल देणार नाहीच, पण तू तिकडे राहा." ती नाक पुसत डावीकडे जाऊन उभी राहिली. त्या दिवशीही तिच्या बाजूने गोल झाला. "आपलं बॉलला चहा विचारायचं राहिलं," असे औषधवाले म्हणाले, आवाज कापत होता, पण म्हणाले. तेव्हापासून ती रोज जाते. मी रोज बाकावर बसून एक वाक्य तयार करतो. ती रोज त्याच्या चिंध्या करते. घरी परतताना माझा हात धरते.

हे सारे तुला आज लिहिण्याचे कारण असे, की सूनबाईला तुझ्या गावच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आहे. तिचा भाऊही तेथेच राहतो. पुढच्या महिन्यात ती आणि बिट्टी तिकडे येतील. मलाही चला म्हणते आहे, आग्रहाने म्हणते आहे. परंतु तिने नवे आयुष्य मांडताना कोपऱ्यात एका म्हाताऱ्याची जागा करावी, हे मला रुचत नाही. बिट्टी तुझ्या संघात खेळायला येईल. तेथील मुलांना तिच्याविषयी आधी काही सांगू नकोस. तिला खेळ शिकवताना हसू नकोस आणि एरवी तिला सोडू नकोस. डोळे मिटते त्यावर नाही, नाड्यांवर चिडव. तिचे उत्तर येईपर्यंत थांब, ते येते. तिचे बोलणे ऐकताना तुला तुझ्या मित्राचा आवाज येईल, मला येतो, म्हणून आधीच सावध करतो. त्या वेळी मैदानावर तुझा कंठ दाटू देऊ नकोस, तिला ते लगेच कळते. घरी जाऊन काय रडायचे ते रड. मीही तसेच करतो.

सदैव तुझा,
तुझ्या मित्राचा बाबा