खाली अ.ब.क. लिहायचं

५ एप्रिल
हॉलतिकीट आलं. पाच विषय, फोटो, सही, सगळं बरोबर. फोटोत डोळे लई मोठे आलेत.
ओपन स्कूलची दहावी. चव्वेचाळीसाव्या वर्षी. ह्यांनी विचारलं, आता कशाला? कशाला म्हणजे! नव्या युनिटला चेकिंगची सुपरवायझर पाहिजे. शेठ म्हणाले, "अक्का, काम तुमचं एक नंबर, फक्त दहावीचा कागद आणा."
एकोणीस वर्षं टॉवेल तपासते. सुटलेला धागा कसा बघायचा ते सुनंदाला मीच शिकवलं. आज ती माझी सुपरवायझर, का तर तिच्याकडं कागद हाय. चार वर्षं रोज तिच्यापुढं हजेरी लावते आणि रोज जळते. लिहून टाकलं एकदाचं.

८ एप्रिल. गृहविज्ञान.
परीक्षेच्या शाळेत दीडलाच पोचले. सगळी पोरं सोळा-सतरा वर्षांची. एकानं मला विचारलं, "मॅडम, आमचा हॉल कुठला?" मी म्हटलं, मी पण पोरगीच हाय रे.
आणि बघते तर शेजारच्या बाकाला प्रतीक्षा. सुनंदाची पोरगी! म्हणजे गेल्या साली दहावीला आपटली ती. सुनंदानं युनिटमध्ये चकार शब्द काढला न्हाय. मनात कसं गारगार वाटलं. पाप लागलं तर लागू दे.
सव्वादोनला पेपर हातात, पण अडीचपर्यंत नुसता वाचायचा. पेपरावर पहिल्या पानावर रोल नंबर. उत्तरपत्रिकेवर रोल नंबर आकड्यात आणि अक्षरात, पेपराचा कोड, सेट. माझा सेट बी, प्रतीक्षाचा ए. शेजारी-शेजारी सेट वेगळा. पोरांनी खटाखट भरलं, मी बोट लावून लावून.
मग आतल्या पानावर वर मधोमध श्री लिहिलं. हात गेलाच. वाण्याची यादी लिहिताना सुद्धा जातो.
मॅडम सही करायला आल्या. "काकू, हे काय लिहिलंत? ओळखीची खूण चालत नाही. देवाचं नाव, नमस्कार, फुलं, काही नको. ठरलेली जागा सोडून रोल नंबर सुद्धा नको. पेपर बाद होईल."
घाम फुटला. केंद्राचे सर आले, बघितलं, श्रीवर रेघ मारायला लावली. देवाच्या नावावर रेघ. मागची पोरं फिदीफिदी हसली. प्रतीक्षा हसली न्हाय. माझं पेन अडत होतं तर तिनं स्वतःचं दिलं, मॅडमना विचारून. तेही मला आवडलं न्हाय.
सुटल्यावर गेटवर सुनंदा स्कूटीवर हजर. थंड ताक, पोरीच्या कपाळावर रुमाल. मी रिक्षाची वाट बघत उन्हात. मला कोण ताक आणतंय.

१३ एप्रिल. मराठी.
हे नीट लिहायचं हाय.
सगळ्यात आधी हॉलमध्ये मी. मोबाईल बाहेर, पाण्याची बाटली आरपार दिसणारी, पॅडवर काही लिहिलेलं नको, हॉलतिकीट आणि ओळखपत्र बाकावर. आता मला सगळं पाठ. पेपर वाटून मॅडम म्हणाल्या, "पत्रलेखनात स्वतःचं नाव, पत्ता घालू नका. पेपरात नाव दिलं असेल तर ते, नाहीतर खाली अ.ब.क. लिहायचं. स्वतःचं नाव म्हणजे ओळख पटवणं."
प्रतीक्षाचा बाक रिकामा. दोन चाळीसला आली धापा टाकत, स्कूटी पंक्चर. मॅडमनी घेतलं. सूचना परत कोण सांगतंय?
पोरगी लिहायला लागली की थांबत न्हाय. माझी चार पानं, तिची सात. माझी सहा, तिची दहा. मान खाली ठेवून नुसता डोळा फिरवायचा, जमतं. मला उत्तरं नको होती, पानं मोजायची होती. कोणत्या जन्माचं वाकडं हाय माझं!
आणि दिसलं. पत्राच्या शेवटी, टपोऱ्या अक्षरात: आपली नम्र, आणि खाली तिचं पूर्ण नाव. वर अक्कलकोट रोडचा घरचा पत्ता.
हात वर करायचा होता. मॅडम, हिचं बघा, एवढंच. पण मग मॅडम म्हणणार, काकू, तुम्ही तिच्या पत्रिकेत बघत होतात? बाद मीच झाले असते.
हे झालं कारण. खरं कारण दुसरंच हाय. मनात म्हटलं, बघू की सुनंदाचा तोरा.
साडेपाचला पत्रिका गोळा झाल्या. गेटवर सुनंदानं विचारलं, "कसा गेला अक्का?" मी म्हटलं, "तुझ्या पोरीनं तेरा पानं लिहिली, तिला काय धाड भरलीय." सुनंदा खूश. मला पण ताक दिलं आज. प्याले.

१५ एप्रिल
युनिटला. तीन टॉवेल चुकीचे पास केले, सुनंदानं बाजूला काढून न बोलता माझ्या टेबलावर ठेवले. ओरडली असती तर बरं झालं असतं.
जेवताना म्हणाली, "अक्का, तुमाला ते नियम लई पाठ झालेत म्हणं. रविवारी माझ्या पोरीला जरा सांगा की. इंग्रजीला पण पत्र असतंय. माझं ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल."
बरं म्हटलं. काय म्हणणार!

१९ एप्रिल, रविवार
आली. वही, दोन पेनं, माझ्यासाठी शेंगाचटणीची पुडी.
कोड सांगितला, सेट सांगितला, रोल नंबर सांगितला. मग पत्र. म्हटलं, खाली स्वतःचं नाव न्हाय लिहायचं, ए.बी.सी. लिहायचं.
पोरीनं पेन खाली ठेवलं. मग हळूच, "मावशी, मराठीत मी नाव लिहिलं. पत्ता पण."
"असू दे गं, तपासणारे सोडत्यात कधी कधी," मी म्हटलं. खरंच सोडत्यात का, मला काय ठाऊक!
"तुमी शेजारीच होतासा की. दिसलं न्हाय?"
"मान वळवायची न्हाय ना हॉलमध्ये."
ती म्हणाली, "माझी पानं तेरा झाली, ते गेटवर तुमीच सांगितलं. मला पण मोजून ठाऊक नव्हतं."
चहा टाकते म्हणून आत गेले. बाहेर आले तर चप्पल घालत होती. म्हणाली, "आईला सांगत न्हाय मी. तिला मराठी चांगला गेला असंच वाटू दे."
कुणाचं सांगत न्हाय, स्वतःचं का माझं, ते न्हाय बोलली. मी पण विचारलं न्हाय. चटणीची पुडी तशीच ओट्यावर. ह्यांनी फोडली, जेवले.

२१ एप्रिल. इंग्रजी.
शेवटचा पेपर. सव्वादोनला पेपर, अडीचला लेखन. पत्राखाली ए.बी.सी. लिहिलं. रिकाम्या जागा भरल्या, उतारा अर्धा कळला. पास होईन वाटतंय. मला पास व्हायचंच हाय. ती पास व्हावी का? तीनदा लिहायला घेतलं, तीनदा खोडलं.
प्रतीक्षा वेळेवर आली. मला बघून मान हलवली, बसली. अडीच वाजले तसा डावा हात आडवा ठेवला, पत्रिकेच्या कडेला, कोपरापासून बोटापर्यंत, आणि लिहायला लागली. तीन तास तो हात तसाच होता.
मी तरी दोनदा बघितलं. पानं दिसली न्हाईत.