साडूच्या आठव्या चंद्राचा दिवस

२ जानेवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. इतिहासाला पुरावा लागतो.
काल साडूने मला दुकानातून काढलं. अकरा वर्षं त्याच्या ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर उभा होतो. कारण काय, तर एका वकिलाचा काळा कोट. आतल्या पट्टीवर ‘पाण्यात धुऊ नये’ असं लिहिलं होतं म्हणे. इतकं बारीक कोण वाचतं? कोट पाण्याच्या मशीनमधून निघाला तो वकिलाच्या नातवाच्या मापाचा. साडू सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, साडूभाऊ, उद्यापासून घरी आराम करा.
आराम! ठरलं. त्याच्या दुकानासमोर माझं दुकान. त्याच रस्त्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या नाकावर टिच्चून. वर्षभरात शटर ओढायला लावीन. वर्षभर कशाला? सहा महिने.

४ जानेवारी, सोमवार
समोरचा गाळा मिळाला. परवान्याच्या कचेरीत भली मोठी रांग. बायकांची रांग छोटी. बायकोला उभं केलं. अर्ज तिच्या नावाने गेला. तिने विचारलं, अहो, मग मालक कोण? म्हटलं, तो नुसता कागद. मालक हा वृत्तीने असतो.
डाग काढणं, इस्त्री, चिठ्ठ्या लावणं तिला येतं. ताईकडे म्हणजे साडूच्या बायकोकडे शिकली. ती कामं ती बघेल. मी धोरण बघीन.

९ जानेवारी, शनिवार
ज्योतिषाकडे गेलो. म्हातारा पंचांग उघडण्याआधी विचारतो, दुकान कोणाच्या नावावर? छाती पुढे काढून म्हटलं, माझ्याच. मग जन्मवेळ घेतली. माझी कर्क रास, पुष्य नक्षत्र. राजयोगच असणार. त्याने तसं काही सांगितलं नाही. मत्सर सगळ्या धंद्यांत असतो.
त्याची पद्धत नीट लिहून ठेवतो, पुढे हत्यार म्हणून लागेल. एक, चंद्रबळ. मालकाच्या जन्मराशीपासून त्या दिवशी चंद्र असलेल्या राशीपर्यंत मोजायचं. चौथा, आठवा, बारावा चंद्र वाईट. दोन, ताराबळ. मालकाच्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाच्या पटी वजा करायच्या. तीन, पाच, सात उरले तर टाळायचं. सात म्हणजे वध तारा. नाव ऐकूनच अंगावर रोमांच आले. शिवाय चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी नकोत, भद्रा नको, राहुकाळ नको.
मी बावीसचा शुक्रवार सुचवला. तो म्हणाला, चंद्र कुंभेत, तुम्हाला आठवा. पंचवीस? अश्विनी, पुष्यापासून एकविसावं, तीन उरले, विपत तारा. चोवीसची रेवती चालेल म्हणाला, संपत तारा आहे, घ्या की. म्हटलं, विचार करतो.
मनात दुसरंच शिजत होतं. मुहूर्त मला चांगला असून भागणार नाही. त्याला वाईट हवा.

१३ जानेवारी, बुधवार
सासूबाईंकडे सहज जाऊन आलो. कपाटात लग्नांच्या वेळच्या पत्रिकांचं पाकीट आहे. साडूची पत्रिका उतरवून घेतली. तूळ रास, विशाखा नक्षत्र. त्याच पाकिटात बायकोचीही होती. ती कशाला बघायची? ती कुठे धंदा करतेय!
सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, काय शोधताय? म्हटलं, आठवणी.

१८ जानेवारी, सोमवार
सापडला! २८ जानेवारी, गुरुवार. शुद्ध एकादशी, रोहिणी, चंद्र वृषभेत. मला अकरावा, लाभाचा. पुष्यापासून रोहिणी चोविसावी, सहा उरले, साधक तारा.
आणि त्याला? तुळेपासून वृषभ आठवी. विशाखेपासून रोहिणी सोळावी. सोळातून नऊ गेले, सात. वध! बोटांवर तीनदा मोजलं, मग बायकोच्या बांगड्यांवर मोजलं. तीही म्हणाली, सोळाच होतात, पण कोणाचं मोजताय? म्हटलं, एका दुष्टाचं.
चोवीसची रेवती रद्द. त्या दिवशी साडूला चंद्र सहावा, म्हणजे तोही खूश. असला मुहूर्त काय चाटायचाय?

२२ जानेवारी, शुक्रवार
ज्योतिषाने तारीख मान्य केली. दहा वाजून पाच मिनिटं, मीन लग्न, आठवं स्थान रिकामं, भद्रा नंतर. रोहिणी स्थिर नक्षत्र, दुकानाला उत्तम. हळूच विचारलं, शत्रूला वध तारा असेल तर त्याचं दुकान किती दिवसांत बसतं? म्हातारा चष्मा काढून म्हणाला, बाबा, मुहूर्त सुरू करणाऱ्याचा असतो. शेजाऱ्याने त्या दिवशी काही सुरू केलं तरच त्याचा चंद्र बघायचा.
वयोमानाने धार जाते माणसाची.

२६ जानेवारी, मंगळवार
बायकोने एकटीने मशीन बसवून घेतलं, हँगर लावले, वाफेची इस्त्री तपासली. मी पाटीवर लक्ष केंद्रित केलं. अक्षरं साडूच्या पाटीपेक्षा एक वीत मोठी. तिने विचारलं, ही वाकडी का? म्हटलं, त्याच्या दिशेने रोखली आहे.

२७ जानेवारी, बुधवार, सायंकाळ
घात.
ज्योतिषी मुहूर्ताचा कागद घेऊन घरी आला. मालकाचं नाव लिहायचं म्हणून परवाना मागितला. बायकोने दाखवला. म्हातारा थबकला. तिची जन्मवेळ विचारली. तिला तोंडपाठ.
तूळ रास. विशाखा.
आठवा चंद्र. वध तारा. मी घाईघाईने म्हटलं, मालक हा वृत्तीने असतो. तो म्हणाला, परवाना वृत्तीला देत नाहीत.
बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, भावोजींचा वध करायला निघालात आणि दिवस माझा मोजलात. आईने सांगितलं, त्यांची पत्रिका उतरवून नेलीत; त्याच पाकिटात माझीही हाताला लागली होती ना? मग किल्ली पदराला बांधली आणि ज्योतिषाला विचारलं, काका, माझा दिवस कोणता?

२८ जानेवारी, गुरुवार
मी मागे हटणारा नाही. दहाला फीत-कात्री घेऊन हजर. शटरला कुलूप. दहा पाच झाले. दहा दहा. वेळ टळली.
साडूकडे सकाळपासून गर्दी. वध तारा दुपारनंतर लागत असेल.
अकराला साडू स्वतः स्टूल घेऊन आला. म्हणाला, उन्हात का उभे, साडूभाऊ, बसा. मी बसलो नाही. साडेअकराला बसलो. स्टूल परत देणार नाही, हा माझा पहिला विजय.

२९ जानेवारी, शुक्रवार
दुकान उघडलं. शुद्ध द्वादशी, एक वाजून दहा मिनिटं. राहुकाळ बारालाच संपलेला, वृषभ लग्न, स्थिर. मृग नक्षत्र, चंद्र मिथुनेत गेलेला. बायकोला नववा, शुक्ल पक्षात चांगला. विशाखेपासून मृग सतरावं, आठ उरले, मित्र तारा.
मला चंद्र बारावा. पुष्यापासून पंचविसावं. सात उरले. माझाच वध. ज्योतिषाने पथ्य काही सांगितलं नव्हतं, पण बायको म्हणाली, तुम्ही घरीच थांबा, दिवस तुम्हाला वाईट आहे.
फीत साडूने कापली. त्याची आणि तिची रास एकच ना! ताईने पेढ्यांऐवजी स्वतःच्या दुकानातली जादा कामं आणून दिली. दोन्ही दुकानं मिळून चालवणार आहेत म्हणे. पाटी सरळ केली.
पाचला बायको आली. म्हणाली, काउंटरला माणूस हवा आहे, भावोजींनी तुमचं नाव सुचवलं, अकरा वर्षांचा अनुभव आहे म्हणाले. कोट मात्र मला विचारल्याशिवाय मशीनमध्ये टाकायचा नाही.
मी मान ताठ ठेवून विचारलं, रुजू व्हायला मुहूर्त कोणता?
म्हणाली, नोकराचा चंद्र बघत नाहीत, घड्याळ बघतात. उद्या आठला या. आणि येताना त्यांचं स्टूल घेऊन या.